बाबा रात्री भिंतीवरचं बटण बंद करतात. पीएस५ ला धोका आहे का?

इंदिरानगरी_बंड्या | शनिवार, रात्री ११:४०

आमच्याकडे रात्री साडेदहाला बाबांची फेरी निघते. गॅसचा कॉक, गॅलरीची कडी आणि मग घरातला एकेक बोर्ड. सातपूर एमआयडीसीत ३१ वर्षं इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला होते, त्यामुळे विजेच्या बाबतीत त्यांच्या निकालावर घरात अपील चालत नाही.

परवा मी पीएस५ रेस्ट मोडला टाकून जेवायला गेलो. गेम अर्धवट होता, शिवाय साठ जीबीचं डाउनलोड लावलेलं. सकाळी बघतो तर केशरी दिवा गायब, बोर्डावरचं बटण बंद. चालू केल्यावर कन्सोल म्हणतो, तुम्ही मला नीट बंद केलं नाहीत, स्टोरेज तपासतोय. डाउनलोड जिथल्या तिथे आणि दोन तासांचा खेळ पाण्यात.

बाबांचं म्हणणं, "दिवा दिसतोय म्हणजे वीज खातोय. मी मोजलंय." खरंच मोजलंय त्यांनी. क्लॅम्प मीटर लावून ०.०८ अँपिअर दाखवले आणि २३० ने गुणून १८ वॉट काढले. महिन्याला १३ युनिट! माझ्याकडे उत्तर नव्हतं.

प्रश्न दोन. रेस्ट मोड खरोखर एवढी वीज खातो का? आणि असं रोज भिंतीवरून बंद केल्याने कन्सोल खराब होतो का?

---

आळशी_अस्वल | शनिवार, रात्री ११:५२

रेस्ट मोड वापरूच नकोस. २०२० साली पीएस५ आला तेव्हा रेस्ट मोडमध्ये लोकांचे कन्सोल क्रॅश होत होते, काहींचे तर उठलेच नाहीत. आणि भिंतीवरचं बटण त्याहून वाईट. प्रत्येक वेळी चालू करताना आत करंटचा लोट जातो. माझ्या बोर्डात तर ठिणगी दिसते. रोज एक झटका म्हणजे वर्षाला ३६५ झटके, कुठला पॉवर सप्लाय टिकेल?

---

मुग्धा_पंचवटी | रविवार, सकाळी ७:१५

आमच्याकडेही हेच! फास्ट स्टार्टअप चालू असताना प्लग काढला तर काही होतं का? माझा लॅपटॉप शट डाउन केला तरी पूर्ण बंद होत नाही असं भाचा म्हणाला. यजमान रात्री चार्जरचं बटण बंद करतात, तेव्हापासून मला धास्ती वाटते.

---

सोल्डरगन_काका | रविवार, सकाळी ९:०५

बंड्या, एक गोष्ट आधी सांग. बाबांनी बटण दाबलं तेव्हा दिवा स्थिर केशरी होता, लुकलुकत होता की विझलेला होता? सगळा खेळ तिथे आहे.

मुग्धाताई, तुमचा विषय विंडोजचा. तिथे शट डाउन म्हटलं की सिस्टिमचा गाभा डिस्कवर फाइलमध्ये लिहून ठेवला जातो आणि मग मशीन बंद होतं. फाइल डिस्कवर आहे, विजेच्या भरवशावर नाही. त्यामुळे स्क्रीन आणि दिवा विझल्यावर चार्जर बंद केला तर काही बिघडत नाही, लॅपटॉपला तर स्वतःची बॅटरीही आहे. तरी नकोच असेल तर कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून हे द्या:

```
powercfg /h off
```

याने हायबरनेटही जाईल, एवढं लक्षात ठेवा.

आता अस्वलभाऊ. २०२० च्या क्रॅशचं खरं आहे. पण ती सॉफ्टवेअरची भानगड होती, पुढच्या अपडेट्समध्ये निस्तरली. ठिणगीही खरी. पॉवर सप्लायच्या आत एक मोठा कपॅसिटर असतो. बंद असताना तो रिकामा होतो, चालू करताच पहिल्या क्षणी ढसाढसा वीज पितो. म्हणून तर त्याच्या वाटेवर थर्मिस्टर बसवलेला असतो. तो थंड असताना त्याचा रोध जास्त, त्यामुळे लोट अडतो, गरम झाला की रोध उतरतो. रोज सकाळी एकदा थंड सप्लाय चालू करणं हे त्याचं नेमून दिलेलं काम आहे.

त्याला त्रास होतो तो वेगळ्या ठिकाणी. खेळता खेळता बटण बंद केलं आणि दोन सेकंदांत परत चालू केलं, तर थर्मिस्टर अजून गरमच असतो आणि लोट अडवायला कोणी उरत नाही. वीज जाऊन लगेच येते, परत जाते, तेव्हा हेच होतं. वीज गेली की बोर्डाचं बटण बंद करा आणि आल्यावर मिनिटभर थांबून चालू करा. माझ्या टेबलावर जळके सप्लाय येतात त्यांची हकिगत बहुधा अशीच असते. रोज रात्री शांतपणे बंद केल्याने मेला, असा एकही आठवत नाही.

दुसरा गुन्हेगार सैल सॉकेट. प्लग हलवला की चिरचिर आवाज येतो का बघा. येत असेल तर आधी सॉकेट बदला, कन्सोलवर चर्चा नंतर.

---

इंदिरानगरी_बंड्या | रविवार, सकाळी १०:२०

काका, दिवा स्थिर केशरी होता. बाबा म्हणतात, "लुकलुकत असता तर हात लावला नसता." पण डाउनलोड चालू होतं की.

---

सोल्डरगन_काका | रविवार, सकाळी १०:४८

तिथेच फसगत होते. लुकलुकणारा दिवा म्हणजे मशीन एका अवस्थेतून दुसरीत जातंय, तेव्हा तर कोणीच हात लावू नये. पण स्थिर केशरी म्हणजे "मी झोपलोय", "माझं काम संपलंय" नव्हे. आत डाउनलोड चालू असो वा नसो, दिवा तोच. कान लावला तर पंखा ऐकू येईल, नाहीतर फोनवरच्या ॲपमध्ये बघायचं.

रेस्ट मोडमध्ये तुझा अर्धवट गेम मेमरीत धरून ठेवलेला असतो आणि त्या मेमरीला सतत वीज लागते. बटण गेलं की मेमरी गेली. तुझे दोन तास तसे गेले. आणि डाउनलोडच्या वेळी एसएसडीवर लिखाण चालू होतं, ते मध्येच तुटलं, म्हणून सकाळी तपासणी निघाली. बहुतेक वेळा ती दुरुस्त होते. पुढे कधी मेनू अडखळायला लागला किंवा गेम दिसेनासे झाले, तर पूर्ण बंद करून पॉवरचं बटण दुसऱ्या बीपपर्यंत, साधारण सात सेकंद, दाबून धर. सेफ मोड येईल. कंट्रोलर केबलने जोडून Clear Cache and Rebuild Database मध्ये जायचं आणि Rebuild Database करायचं. गेम पुसले जात नाहीत. Reset च्या ओळींपासून मात्र लांब राहा.

म्हणजे इजा झाली ती माहितीला. यंत्राच्या अंगाला काही झालेलं नाही. Turn Off PS5 करून दिवा पूर्ण विझल्यावर बाबांनी बटण बंद केलं तर माझी काही हरकत नाही.

---

वॅट_मोजणी | रविवार, दुपारी १:३०

काकांनी दुसरा प्रश्न सोडवला, पहिल्याला मी हात घालते. बंड्याच्या बाबांचं गणित चुकलेलं नाही, त्यांनी वेगळीच वस्तू मोजली आहे.

क्लॅम्प मीटर करंट मोजतो. तो करंट व्होल्टेजच्या तालात आहे की पुढेमागे, हे त्याला कळत नाही. प्रत्येक कन्सोलच्या सप्लायच्या तोंडाशी गडबड गाळणारा एक छोटा कपॅसिटर थेट लाइनवर बसलेला असतो. तो दर सायकलला थोडी वीज उचलतो आणि तेवढीच परत करतो. एक मायक्रोफॅरडचा धरला तर आपल्या २३० व्होल्ट, ५० हर्ट्झला करंट निघतो सुमारे ०.०७ अँपिअर. म्हणजे बाबांच्या ०.०८ मधला बहुतेक भाग या देवाणघेवाणीचा. कारखान्यात ते पॉवर फॅक्टर सुधारायला कपॅसिटर बँक लावत असतील, हा त्याच बँकेचा पणतू. त्यांना एवढं सांगा, बाकीचं तेच तुम्हाला समजावतील.

घरातला मीटर युनिट मोजतो, म्हणजे खरी खर्च झालेली वीज. उचलून परत दिलेली त्यात धरत नाही.

मोजायचंच तर ऊर्जा दाखवणारा प्लगमधला मीटर घ्या. पण त्याच्या वॉटच्या आकड्यावर जाऊ नका, स्वस्त मीटर एक-दोन वॉटच्या खाली काहीही दाखवतात. तीन दिवस तसाच ठेवा आणि एकूण युनिट वाचा. मी सातपूरला राहते, शनिवारी येऊन माझा घेऊन जा.

---

आळशी_अस्वल | रविवार, दुपारी २:०५

मग एक्सबॉक्सला दहा-पंधरा वॉट म्हणतात ते काय, तेही कपॅसिटरचं का? माझा सिरीज एस आहे.

---

वॅट_मोजणी | रविवार, दुपारी २:४०

नाही, ते खरेच वॉट. एक्सबॉक्समध्ये Settings > General > Power options मध्ये दोन पर्याय आहेत, Sleep आणि Shutdown (energy saving). मायक्रोसॉफ्टचाच आकडा आहे की स्लीपमध्ये १० ते १५ वॉट जातात आणि शटडाउनमध्ये अर्धा वॉट. २०२२ पासून नव्या मशीनवर कमी विजेचा पर्याय आधीपासून निवडलेला येतो, पण जुनं मशीन असेल किंवा तुम्ही कधी बदललं असेल तर स्लीपवर असू शकतं.

हिशोब करू. दिवसाला वीस तास स्लीप, १२ वॉट. महिन्याला ७.२ युनिट. आमच्या बिलात शंभराच्या वरचा युनिट सगळं धरून बारा रुपयांच्या आसपास पडतो, म्हणजे ८६ रुपये. शटडाउनला साडेतीन-चार रुपये. आणि त्या ८२ रुपयांच्या बदल्यात मिळतं काय? सकाळी पंधरा-वीस सेकंद कमी थांबायचं. ज्याने त्याने ठरवावं. अपडेट शटडाउनमध्येही रात्री होतात, फक्त भिंतीवरचं बटण चालू हवं.

---

आळशी_अस्वल | रविवार, दुपारी ३:१०

बघितलं. स्लीपवर होता. तीन वर्षं. बोलू नका काही.

पण शटडाउनला टाकला तर क्विक रिझ्यूम जाईल ना?

---

सोल्डरगन_काका | रविवार, दुपारी ४:००

जात नाही. एक्सबॉक्स गेमची अवस्था एसएसडीवर लिहून ठेवतो, मेमरीत नाही. नीट बंद केल्यावर प्लग काढून मशीन मालेगावला नेलं तरी गेम तिथूनच उघडतो. पीएस५ ला ही सोय नाही. म्हणून बटणवाल्या बाबांच्या घरी एक्सबॉक्स जास्त सुखाने नांदतो.

---

गोदाकाठ | रविवार, संध्याकाळी ६:२५

सगळे युनिटच मोजताय. विजांचं काय? मागच्या मे महिन्यात वळवाच्या पावसात आमच्या गल्लीत वीज पडली. कन्सोल भिंतीवरून बंद होता, तरी दुसऱ्या दिवशी टीव्हीवर चित्र नाही. बटण बंद करून काय मिळालं?

---

सोल्डरगन_काका | रविवार, रात्री ८:१५

तुमचं एचडीएमआय गेलं असणार. पॉवर सप्लाय शाबूत होता ना?

आपलं भिंतीवरचं बटण फक्त फेज तोडतं. न्यूट्रल जोडलेलाच राहतो आणि बटणाच्या आतली फट काही मिलिमीटरची. विजेला ती फट म्हणजे काहीच नाही. आणि बहुतेक वेळा ती प्लगमधून येतही नाही. केबल टीव्हीची वायर, गच्चीवरून आलेली इंटरनेटची तांब्याची वायर, तिथून सेट टॉप बॉक्स किंवा राउटर, तिथून एचडीएमआय किंवा लॅन, असा प्रवास. पावसाळ्याच्या तोंडाला माझ्याकडे येणाऱ्या कन्सोलमध्ये एचडीएमआय आणि लॅनची चिप उडालेले बरेच असतात.

त्यातून पीएस५ ची वायर दोन पिनांची, तिला अर्थिंगच नाही. मशीनचं आणि टीव्हीचं अंग वेगवेगळ्या पातळीवर तरंगत असतं. म्हणून एचडीएमआय लावताना-काढताना दोन्हीकडचे प्लग बाहेर काढलेले असावेत. कडकडाट सुरू झाला की प्लग काढा आणि लॅनची वायरसुद्धा काढा. तेव्हा नुसतं बटण बंद करून भागत नाही.

---

गोदाकाठ | रविवार, रात्री ८:४०

हो, सप्लाय चांगला होता, पोर्टचेच पैसे गेले. पण रोज रात्री प्लग काढायचा? मग सॉकेट सैल होणार आणि तुम्हीच म्हणता सैल सॉकेट वाईट.

---

सोल्डरगन_काका | रविवार, रात्री ९:०२

रोज नको. ढग दिसले की. आता रात्री दोनला गडगडलं तर काय, त्याला माझ्याकडेही उत्तर नाही. मी झोपतो.

---

नाशिकरोड_एक्सप्रेस | सोमवार, सकाळी ८:३०

कोणी बॅटरीचं बोललंच नाही. पीएस५ मध्ये घड्याळाचा बटण सेल असतो, सीआर२०३२. भिंतीवरून बंद ठेवला की घड्याळ त्या सेलवर चालतं आणि सेल लवकर संपतो. म्हणजे बटण बंद करणं वाईटच ठरलं ना? शिवाय आमच्याकडे इन्व्हर्टर आहे. लाइट गेली की टीव्ही चालू राहतो, कन्सोल मात्र कधी टिकतो, कधी बंद पडतो. असं का?

---

सोल्डरगन_काका | सोमवार, दुपारी १:१०

सेलचं तत्त्व बरोबर, माप चुकतंय. घड्याळ इतकं कमी पितं की आठ तासांच्या रात्रीने काही वर्षांत थोडा फरक पडेल एवढंच. सेल संपला तरी नेटला जोडल्यावर वेळ परत लागते. तीस रुपयांची वस्तू आहे, कष्ट मशीन उघडण्याचे.

इन्व्हर्टर बदलून घेताना क्षणभर वीज तुटते. खेळ जोरात चालू असेल तर सप्लायच्या कपॅसिटरमधला साठा तेवढ्यात संपतो, मेनूवर असाल तर पुरतो. म्हणून कधी टिकतो, कधी नाही. इन्व्हर्टरवर यूपीएस मोडचं बटण असेल तर ते लावून बघा. साधा चौकोनी लहरीचा इन्व्हर्टर असेल तर कन्सोल त्यावर चालवूच नये असं माझं मत.

---

नाशिकरोड_एक्सप्रेस | सोमवार, दुपारी १:४५

माझा चौकोनीच आहे आणि चार वर्षं चालतोय. त्यामुळे मत मान्य नाही. पण यूपीएस मोड बघतो.

---

इंदिरानगरी_बंड्या | पुढच्या शनिवारनंतरचा दुसरा आठवडा, शुक्रवार, रात्री १०:५०

वॅटताईंचा मीटर आणला आणि बाबांनाच दिला. कपॅसिटर बँकेचं सांगताच त्यांचा चेहरा बदलला. "अरे, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं," म्हणाले आणि वहीत तक्ता आखायला बसले. पहिले तीन दिवस मला कन्सोलला हात लावू दिला नाही.

Settings > System > Power Saving > Features Available in Rest Mode मध्ये आधी Supply Power to USB Ports हे Always वर होतं आणि Stay Connected to the Internet चालू. अशा स्थितीत ७२ तासांत ०.२३ युनिट. म्हणजे सव्वातीन वॉटच्या आत, महिन्याला २.३ युनिट, २८ रुपये. मग यूएसबी बंद केलं, इंटरनेट तसंच ठेवलं. पुढचे ७२ तास, ०.१० युनिट. १.४ वॉट. महिन्याला एक युनिट, बारा रुपये. बाबांचे तेरा युनिट कुठे आणि हा एक कुठे! कंट्रोलर आता खेळता खेळताच चार्ज करतो.

तह असा झाला. डाउनलोड लावलं असेल तर मी बोर्डावर चिठ्ठी लावायची, त्या रात्री बटणाला हात नाही. बाकी दिवशी मी Turn Off PS5 करणार, दिवा विझला की बाबा बटण बंद करणार. युनिटाचा छोटासा भाग वाचवायला उठायचं की नाही, हा त्यांचा प्रश्न. "सवय आहे, मोडणार नाही," असं त्यांनी सांगितलंय.

पण मीटर हातात आल्यावर ते थांबले नाहीत. टीव्ही झाला, राउटर झाला, मग सेट टॉप बॉक्स. रिमोटने बंद केलेला सेट टॉप बॉक्स, २४ तासांत ०.२६ युनिट. जवळजवळ ११ वॉट, महिन्याला आठ युनिट! माझ्या कन्सोलच्या आठपट, आणि तो चार वर्षं कोणाच्या डोळ्यात आला नव्हता, कारण बाबांची फेरी टीव्हीच्या बोर्डापाशी जायची तेव्हा आई तिथे बसलेली असायची.

काल बाबांनी तो बोर्डही बंद केला. सकाळी बॉक्स चालू व्हायला चार मिनिटं लागली आणि रात्री साडेअकराची आईची मालिका रेकॉर्डच झाली नव्हती. आता घरात त्या बोर्डावरही चिठ्ठी आहे. ती मी लावलेली नाही.

---

वॅट_मोजणी | शुक्रवार, रात्री ११:१५

मीटर रविवारपर्यंत परत हवा. फ्रीज मोजायला काढतील, देऊ नकोस.